बॉट अडकला, पण नेमका कुणामुळे? बिझनेस आणि सिस्टिम एक्सेप्शनमधला फरक

प्रश्न: आमच्या बॉटच्या क्यूमधले बरेच आयटम रोज फेल होतात. काहींपुढे `Business` दिसतं, काहींपुढे `Application`. बॉट तर दोन्हीकडे अडकलेलाच असतो. मग सगळ्या एरर एकाच ठिकाणी पकडून सरसकट रिट्राय लावला तर काय बिघडतं? आणि कुठली एरर कुठल्या खात्यात टाकायची, हे ठरवायचं कसं?

उत्तर:

मी स्वतःला दर वेळी एकच प्रश्न विचारतो. हाच आयटम, हाच डेटा, कुणीही कशाला हात न लावता, पाच मिनिटांनी बॉटला पुन्हा दिला तर निकाल बदलण्याची शक्यता आहे का? असेल तर सिस्टिम एक्सेप्शन. काही झालं तरी तोच निकाल येणार असेल तर बिझनेस एक्सेप्शन. स्क्रीन उघडली नाही, सेशन संपलं, बटण दिसायला वेळ लागला, नेटवर्क गेलं, या गोष्टी पाच मिनिटांत सुधारू शकतात. पण इनव्हॉइसवर खरेदी आदेशाचा क्रमांकच छापलेला नसेल, तर बॉटने शंभर वेळा पाहिलं तरी तो उगवणार नाही. तिथे माणसाने काहीतरी करायला हवं.

मी हे यूआयपाथ या बॉट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो, कारण तुम्ही लिहिलेली दोन नावं तिथलीच आहेत. बॉट आणि त्यांच्या क्यू सांभाळणाऱ्या ऑर्केस्ट्रेटरमध्ये ज्याला `Application` म्हणतात, तेच आरई-फ्रेमवर्क या बॉटच्या तयार साच्यामधलं सिस्टिम एक्सेप्शन. क्यूच्या सेटिंगमध्ये ऑटो रिट्राय चालू असेल, तर तो फक्त `Application` म्हणून फेल झालेल्या आयटमला लागतो. मूळ आयटमचं स्टेटस `Retried` होतं आणि त्याची नवी प्रत `New` म्हणून क्यूमध्ये येते. `Business` म्हणून फेल झालेला आयटम मात्र `Failed` होऊन तिथेच थांबतो. म्हणजे तुम्ही कुठला शिक्का मारता, यावर त्या आयटमचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं.

दुसरा फरक बॉटच्या वागण्यात आहे. आरई-फ्रेमवर्कमध्ये बिझनेस एक्सेप्शन आलं की बॉट आहे त्याच स्क्रीनवरून पुढचा आयटम उचलतो, कारण ॲप्लिकेशन ठणठणीत आहे, गडबड फक्त या एका कागदात आहे. सिस्टिम एक्सेप्शन आलं की ॲप्लिकेशनवरचा विश्वासच उडतो. मग बॉट स्क्रीनशॉट घेतो, सगळं बंद करतो, जे बंद होत नाही ते मारतो, पुन्हा सुरुवातीच्या टप्प्यात जाऊन लॉगिन करतो आणि मगच पुढचा आयटम घेतो. हे महाग काम आहे. ते योग्य जागी केलं तरच परवडतं.

सरसकट रिट्राय का नको, ते आकड्यांत बघा. इनव्हॉइस नोंदवणारा एक बॉट धरा. रात्रीच्या क्यूमध्ये 240 आयटम आहेत आणि एक नीट नोंदवायला दीड मिनिट लागतं. त्यातले 40 इनव्हॉइस आधीच कुणीतरी हाताने नोंदवलेले आहेत. अशा वेळी इनव्हॉइस क्रमांक टाकल्यावर ॲप्लिकेशन एक छोटी खिडकी दाखवतं, की हा क्रमांक आधीच अस्तित्वात आहे. बॉट बनवणाऱ्याने ही खिडकी कधी पाहिलेलीच नव्हती. त्यामुळे बॉट पुढच्या चौकटीची वाट बघत बसतो आणि 30 सेकंदांनी, म्हणजे यूआयपाथचा नेहमीचा टाइमआउट संपला की, चौकट सापडली नाही म्हणून सिस्टिम एक्सेप्शन देतो.

आता हिशोब करा. त्या खिडकीपर्यंत पोचायला अर्धं मिनिट, वाट बघण्यात अर्धं मिनिट आणि सगळं बंद करून पुन्हा लॉगिन करण्यात दोन मिनिटं. एका प्रयत्नाची तीन मिनिटं झाली. क्यूवर रिट्राय 2 ठेवला असेल तर एकूण प्रयत्न तीन, म्हणजे एका आयटमची नऊ मिनिटं. 40 आयटमचे सहा तास. उरलेल्या 200 चांगल्या आयटमना पाच तास लागतात. म्हणजे ज्यांतून काहीच निघणार नाही त्यांच्यावर, खरं काम करण्यापेक्षा जास्त वेळ गेला. तीच खिडकी ओळखून लगेच बिझनेस एक्सेप्शन दिलं असतं, तर ते 40 आयटम 20 मिनिटांत मार्गी लागले असते.

क्यूमध्ये ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. एकाच रेफरन्सचे तीन आयटम दिसतात, पहिले दोन `Retried` आणि तिसरा `Failed`, आणि तिघांची एरर अक्षरशः एकच, स्क्रीनवरची जागासुद्धा एकच. खऱ्या सिस्टिम एक्सेप्शनचा स्वभाव असा नसतो. ते विखुरलेले असतात, आज या स्क्रीनवर तर उद्या त्या, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या प्रयत्नात सुटतात. त्यामुळे तिन्ही प्रयत्नांत एकाच जागी मरणारा आयटम दिसला की मी आधी त्याचा स्क्रीनशॉट उघडतो. दहातल्या आठ-नऊ वेळा तिथे एखादी खिडकी किंवा लाल अक्षरातला मेसेज माझी वाट बघत असतो.

पण मला जास्त भीती याच्या उलट चुकीची वाटते, कारण ती आवाज न करता होते.

माझ्याच एका बॉटने केलेली ही गोष्ट आहे. पुरवठादाराचा क्रमांक शोधायचा आणि निकालाच्या तक्त्यात एकही ओळ आली नाही तर बिझनेस एक्सेप्शन द्यायचं, 'पुरवठादार सापडला नाही'. असं मी लिहिलं होतं. तपासणी झाली, खोटे क्रमांक देऊन पाहिले, सगळं बरोबर. काही महिने ते छान चाललंही. मग एका रात्री साठेक आयटम झाल्यावर ॲप्लिकेशनचं सेशन संपलं. लॉगिनची स्क्रीन आली असती तर बॉट अडकला असता आणि ते बरंच झालं असतं. पण त्या ॲप्लिकेशनने शोधाची स्क्रीन तशीच ठेवली आणि तक्ता रिकामा दाखवायला लागलं. बॉटला शून्य ओळी दिसल्या. त्याने शांतपणे लिहिलं, पुरवठादार सापडला नाही. पुढचा आयटम घेतला, पुन्हा शून्य ओळी. प्रत्येकाला वीस सेकंद लागत होते. तासाभरात उरलेले 180 आयटम `Failed` झाले. बिझनेस एक्सेप्शन असल्यामुळे ॲप्लिकेशन एकदाही बंद करून उघडलं गेलं नाही, रिट्राय एकालाही मिळाला नाही, आणि मला अलर्टही आला नाही, कारण अलर्ट मी फक्त सिस्टिम एक्सेप्शनवर लावला होता.

सकाळी लेखा विभागाला 180 पुरवठादारांची यादी गेली, हे नोंदवून घ्या म्हणून. ते सगळे वर्षानुवर्षं नोंदवलेले होते. दोघीजणी दुपारपर्यंत एकेक क्रमांक तपासत बसल्या होत्या, तेव्हा कुठे कुणीतरी मला फोन केला. त्यांनी बॉटच्या रिपोर्टवर विश्वास ठेवला, यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानंतर कित्येक आठवडे त्या दोघी प्रत्येक रिपोर्टमधल्या दोन-तीन ओळी हाताने पडताळून बघायच्या, आणि ते मला फार लागलं.

चूक कुठे होती? 'सापडलं नाही' आणि 'नाही' या दोन गोष्टी मी एक धरल्या होत्या. बिझनेस एक्सेप्शन हे विधान आहे. बॉट सांगतो आहे, की मी नीट पाहिलं, यंत्रणा व्यवस्थित चालू होती आणि या डेटात ही उणीव आहे. असं विधान करायला पुरावा लागतो. माझ्याकडे पुरावा नव्हता, फक्त पुराव्याचा अभाव होता.

दुरुस्ती छोटीच होती. शोधल्यावर दोनऐवजी तीन शक्यता धरायच्या. तक्त्यात ओळ आली, तर पुढे जा. ॲप्लिकेशनने स्वतः 'No records found' असं लिहून दाखवलं, तर बिझनेस एक्सेप्शन. आणि दोन्हींपैकी काहीच झालं नाही, तर सिस्टिम एक्सेप्शन, कारण मग आपण कुठे आहोत हेच आपल्याला माहीत नाही.

```
If rowCount > 0 Then
    ' पुढची पायरी
ElseIf noRecordsMessageVisible Then
    Throw New BusinessRuleException("पुरवठादार क्रमांक " + vendorNo + " यंत्रणेत नोंदलेला नाही")
Else
    Throw New System.Exception("शोधाचा निकालही नाही, मेसेजही नाही")
End If
```

यूआयपाथ स्टुडिओत हे दोन `Check App State` किंवा `Element Exists` आणि दोन `Throw` लावून होतं. माझा नियम तेव्हापासून ठरलेला आहे. बिझनेस एक्सेप्शन आपोआप कधीच पडू द्यायचं नाही, ते प्रत्येक वेळी आपण नाव घेऊन, कारण सांगून द्यायचं. ज्याला नाव देता येत नाही ते सगळं सिस्टिमच्या खात्यात. शंका असेल तर सिस्टिम. शंका असताना सिस्टिम म्हटलं तर जास्तीत जास्त काही मिनिटं वाया जातात आणि माणसाची नजर पडते. शंका असताना बिझनेस म्हटलं तर माणसाला चुकीची माहिती जाते.

त्याच्या जोडीला आरई-फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्त्यांमध्ये कॉन्फिग फाइलमध्ये `MaxConsecutiveSystemExceptions` नावाची ओळ असते, ती जरूर भरा. लागोपाठ इतके सिस्टिम एक्सेप्शन आले तर बॉट थांबतो आणि उरलेले आयटम `New` म्हणून सुखरूप राहतात. मी साधारण 3 ठेवतो. ॲप्लिकेशनच बंद पडलं असेल तर तिसऱ्या आयटमला कळतं, दोनशेव्या आयटमपर्यंत जायला नको. ही मोजणी फक्त सिस्टिम एक्सेप्शनची होते, म्हणून माझ्या 180 आयटमच्या रात्री तिचा काही उपयोग झाला नसता. त्याच फाइलमध्ये `MaxRetryNumber` असतो. ऑर्केस्ट्रेटरची क्यू वापरत असाल तर तो 0 ठेवा आणि रिट्राय क्यूच्या सेटिंगमधूनच चालवा.

एक तांत्रिक खड्डा सांगतो, कारण यात चांगले अनुभवी लोकसुद्धा पडतात. आपण आतल्या एखाद्या वर्कफ्लोमध्ये व्यवस्थित `BusinessRuleException` देतो, पण त्याच्या बाहेर कुणीतरी लॉग लिहिण्यासाठी ट्राय-कॅच लावलेला असतो आणि तिथे `System.Exception` पकडून लॉग लिहून झाल्यावर हे असतं:

```
Throw New Exception(exception.Message)
```

मेसेज तोच राहतो, पण प्रकार बदलतो. बाहेरच्या फ्रेमवर्कला ते सिस्टिम एक्सेप्शन दिसतं आणि रिट्रायचं रहाटगाडगं सुरू होतं. तिथे नवीन एक्सेप्शन बनवायचं नाही, `Rethrow` ही ॲक्टिव्हिटी वापरायची, म्हणजे मूळ प्रकार जसाच्या तसा वर जातो. क्यूमध्ये एखाद्या आयटमचा मेसेज आपणच मराठीत लिहिलेला बिझनेसचा आहे आणि पुढे मात्र `Application` लिहिलंय असं दिसलं, तर समजा मधे कुठेतरी हा प्रकार झालाय.

उलटही होतं. आयटममधली रक्कम रिकामी आहे आणि बॉट ती आकड्यात बदलायला गेला, की डॉटनेटची एरर येते, 'Input string was not in a correct format' किंवा 'Object reference not set to an instance of an object'. प्रकाराने ती सिस्टिमची आहे, पण कारण डेटात आहे आणि रिट्रायने काही होणार नाही. यावर उपाय म्हणजे डेटाची तपासणी सगळ्यात आधी, कुठल्याही स्क्रीनला हात लावायच्या आधी करायची. रक्कम आहे का, तारीख वाचता येते का, क्रमांक योग्य लांबीचा आहे का. जे नाही त्याचं नाव घेऊन तिथेच बिझनेस एक्सेप्शन द्यायचं. त्याला सेकंदही लागत नाही, आणि मग आतमध्ये अशी डॉटनेटची एरर आली तर ती खरंच आपल्या बॉटमधली चूक आहे हे कळतं.

आता सगळ्यात नाजूक जागा. वर मी म्हटलं की शंका असेल तर सिस्टिम, म्हणजे रिट्राय होईल. पण बॉट 'सेव्ह' दाबून झाल्यावर अडकला असेल तर? इनव्हॉइस नोंदवला गेला, दस्तऐवज क्रमांकाचा मेसेज यायला उशीर झाला, बॉटने टाइमआउट दिला. शिक्का बरोबरच आहे, सिस्टिम एक्सेप्शन. पण रिट्राय झाला की तोच इनव्हॉइस दुसऱ्यांदा नोंदवला जाऊ शकतो. ॲप्लिकेशन स्वतः दुबार नोंद अडवत नसेल, तर पैसे दोनदा जातील.

म्हणून रिट्राय चालू करायच्या आधी बॉटच्या कामात एक रेषा आखून घ्या, जिच्यापलीकडे गेलेलं परत घेता येत नाही. बहुतेक कामांत ती 'सेव्ह' किंवा 'सबमिट'वर असते. रेषेच्या अलीकडे रिट्राय बिनधास्त करा. पलीकडे जाण्याआधी बॉटने दर वेळी विचारायचं, हे काम आधीच झालंय का? माझा बॉट प्रत्येक आयटमच्या सुरुवातीला पुरवठादार क्रमांक आणि इनव्हॉइस क्रमांक टाकून शोधतो. नोंद सापडली नाही तर पुढे जातो. सापडली तर आयटमचा `RetryNo` बघतो. तो 0 असेल तर ही नोंद आपली नाही, दुसऱ्या कुणीतरी केलेली आहे, म्हणून बिझनेस एक्सेप्शन. तो 0 पेक्षा जास्त असेल, नोंद बॉटच्याच लॉगिनवरून झालेली असेल आणि रक्कमही जुळत असेल, तर मागच्या प्रयत्नात काम पूर्ण झालं होतं. मग दस्तऐवज क्रमांक वाचून आयटम `Successful` करतो. रक्कम जुळत नसेल तर कुठलाही अंदाज न बांधता माणसाकडे. ही तपासणी करायला जागाच नाही अशी ॲप्लिकेशन असतात. तिथे मी क्यूचा ऑटो रिट्राय बंद ठेवतो आणि फेल झालेले आयटम सकाळी कुणीतरी बघून हाताने पुन्हा क्यूत टाकतं.

हाताने टाकताना एक लक्षात ठेवा. क्यूवर युनिक रेफरन्सची सक्ती असेल, तर फेल झालेल्या आयटमचाच रेफरन्स वापरून नवा आयटम भरता येत नाही, कारण ती सक्ती फक्त डिलीट किंवा रिट्राय झालेल्या आयटमना सोडते. पुन्हा चालवायचा असेल तर ऑर्केस्ट्रेटरमधून त्या फेल झालेल्या आयटमलाच रिट्राय द्या. पण डेटा चुकला म्हणून फेल झालेला असेल तर त्याचा उपयोग नाही, नव्या प्रतीतही तोच चुकीचा डेटा येतो. तेव्हा जुना आयटम डिलीट करून दुरुस्त केलेला भरावा लागतो.

काही आयटम या दोन्ही खात्यांत बसत नाहीत. माल अजून गोदामात आला नाही म्हणून इनव्हॉइस नोंदवता येत नाही, असं समजा. पाच मिनिटांनी निकाल बदलणार नाही, पण दोन दिवसांनी नक्की बदलेल आणि कुणाला काही दुरुस्तही करायचं नाही. याला बिझनेस एक्सेप्शन म्हणून माणसाच्या यादीत ढकललं, तर ती यादी अशा नोंदींनी भरते आणि खऱ्या अडचणी त्यात बुडतात. इथे `Postpone Transaction Item` वापरा. आयटम `New`च राहतो आणि दिलेल्या तारखेनंतरच बॉटला मिळतो. किती वेळा पुढे ढकलायचं याला मर्यादा घाला. मी इनव्हॉइसच्या तारखेपासूनचे दिवस मोजतो, आणि ठरलेले दिवस उलटले की मग बिझनेस एक्सेप्शन देतो.

`Abandoned` दिसलं तर तो आणखी वेगळा प्रकार आहे. बॉटने आयटम उचलला आणि यशस्वी किंवा फेल असं काहीच न कळवता तो 24 तास `In Progress` पडून राहिला, की ऑर्केस्ट्रेटर ते स्टेटस लावतो. मशीन बंद पडलं किंवा जॉब मधेच मारला गेला, असं बहुधा असतं. त्याला ऑटो रिट्राय मिळेलच असं नाही, म्हणून रोजच्या रिपोर्टमध्ये त्याची वेगळी ओळ ठेवा.

राहिला मेसेज. सिस्टिम एक्सेप्शनचा मेसेज बॉट सांभाळणाऱ्यासाठी असतो, तो तांत्रिक असला तरी चालतो, त्यासोबत स्क्रीनशॉट असला म्हणजे झालं. बिझनेस एक्सेप्शनचा मेसेज मात्र अशी व्यक्ती वाचणार असते, जिने बॉट कधी पाहिलेला नाही. 'डेटा चुकीचा' एवढंच लिहिलं, तर तिला पुन्हा सगळा इनव्हॉइस उघडून शोधावं लागतं. 'इनव्हॉइसवर 48,500 आणि खरेदी आदेशात 45,800, फरक 2,700' असं लिहिलं, तर आकडे उलटसुलट झालेत हे तिला जागच्या जागी दिसतं. मी नवा बॉट चालू करायच्या आधी बिझनेस एक्सेप्शनचे सगळे मेसेज एका कागदावर काढतो आणि ते काम करणाऱ्या माणसाजवळ बसून प्रत्येकावर विचारतो, हे वाचून तुम्ही पुढे काय कराल? ज्या मेसेजवर उत्तर येत नाही, तो मी पुन्हा लिहितो. आणि 'काही नाही, पुन्हा चालवून बघेन' असं उत्तर आलं, तर तो मेसेज कागदावरून काढून सिस्टिमच्या खात्यात टाकतो.

तुमच्या क्यूपासून सुरुवात करायची असेल तर मागच्या आठवड्यातले फेल झालेले आयटम एक्सपोर्ट करा आणि एररच्या मेसेजवर सॉर्ट करा. `Application`मध्ये जो मेसेज तिन्ही प्रयत्नांत सारखाच आलाय, तो आधी बघा. मग `Business`मध्ये काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक सारखाच मेसेज आलेले आयटम शोधा. डेटातल्या चुका अशा रांगेने येत नाहीत. तशी रांग सापडली, तर पहिल्या आयटमच्या वेळेला ॲप्लिकेशनमध्ये काय चाललं होतं ते तपासा.